लोहाराचा अंगठा

सकाळी सोसायटीचं दार उघडायच्या आधीच सभासद पायरीवर जमले होते. रातोरात प्रत्येकाचं कर्ज दुप्पट झाल्याचा मेसेज आला होता.

"सचिव भाऊ, झोपेत कर्ज काढलं काय आम्ही?" शिंपी म्हणाला.

सचिवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने समजावलं, की त्याच्या फोनमधल्या कर्जाच्या नोंदी मुख्य कॉम्प्युटरला पोचल्या, पण मध्येच नेटवर्क गेल्यामुळे त्यांची पोच काही परत आली नाही. म्हणून फोनने त्याच नोंदी पुन्हा पाठवल्या आणि तिकडे त्यांना नवे क्रमांक पडले.

मग मान खाली घालून तो फोनवर नोंदींच्या जोड्या लावू लागला. तारीख, रक्कम आणि पावतीचा फोटो जुळला, की दुसरी नोंद रद्द करायची.

शेवटची जोडी लोहाराची निघाली. लोहार वारला त्याला दोन वर्षं झाली होती आणि कर्ज होतं गेल्या वर्षीचं. ते पैसे सचिवानेच खाल्ले होते. पावतीवर अंगठाही त्याने स्वतःचाच उमटवला होता.

पहिल्या फोटोत तोच अंगठा होता. दुसऱ्या फोटोतल्या अंगठ्यावर मात्र भाजल्याचा आडवा वण होता.

"मेसेज मलाही आलाय." लोहाराची बायको केव्हाची मागे उभी होती. "आम्ही कधी घेतलं हो कर्ज?"

तिने सचिवाच्या हातातून फोन घेतला आणि त्या वणावरून हलकेच बोट फिरवलं.

"हा ह्यांचाच अंगठा," ती म्हणाली आणि तिने बोट त्याच्यापुढे धरलं.

बोटाला निळी, ओली शाई लागली होती.