आठची साखळी

मुलाने साखळीची कडी जाडी मोजायच्या व्हर्नियरच्या जबड्यात धरली आणि पडद्यावरचा आकडा पाहून, कडी काढून रिकामा जबडा पुन्हा मिटवला. शून्य आलं. म्हणजे यंत्रात खोट नव्हती.

त्याने दुसरी कडी धरली. जोडाचा फुगीर भाग सोडून, आधी आडवी, मग उभी. तिसरी. चौथी. आकडा साडेसहाच्या आसपासच घोटाळत राहिला. बंडलावरच्या चिठ्ठीवर ठळक लिहिलं होतं, आठ एमएम.

बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानातला माल तो ऑनलाइन चढवत होता. पहिल्या दिवशी त्याने झोकात लिहिलं होतं, ‘आठ एमएम साखळी, एकदम मजबूत’. लगेच एका गिऱ्हाइकाचा प्रश्न आला: तारेची जाडी किती, कडीची आतली लांबी किती, किती वजन पेलते? तेव्हापासून ‘मजबूत’ या शब्दाची त्याला लाज वाटू लागली होती.

“काय मोजतोयस रे एवढं? नवरीचं माप घेतोयस का?”

मामा दारात उभा होता. साखळ्या, तारा, दोर, सगळा माल त्याच्याकडूनच यायचा. टेम्पोतून उतरवलेलं नवं बंडल त्याने पायाने आत सरकवलं.

“मामा, ही साडेसहा भरते.”

बाबांनी गल्ल्यावरून मान वर केली. “पुन्हा सुरू झालं याचं. त्या दिवशी आठचा बोल्ट पावणेआठ भरला म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं. अरे, आटे किंचित आत कापतात, नाहीतर नट चढेल कसा?”

मुलाचे कान लाल झाले. तेव्हा तो चुकला होता, हे खरंच. “पण बाबा, साखळीला कुठे नट चढवायचाय?”

मामा हसला. “जस्ताचा मुलामा असतो ना वर. त्याने थोडं इकडेतिकडे होतंच.”

“मुलाम्याने जाडी वाढते मामा, कमी नाही होत. आतलं लोखंड साडेसहाहूनही बारीकच असणार.”

मामाचं हसू गेलं नाही, पण जागच्या जागी थिजलं. बाबांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

“आणि जाडी एवढी घटली की ताकद दोन तृतीयांशच उरते,” मुलगा म्हणाला. “शिवाय कडीवर कुठेच ताकदीच्या ग्रेडचा शिक्का नाही. सगळं बंडल तपासलं मी.”

“लिही की आठ,” मामा म्हणाला. “चिठ्ठीवर आठ, बिलावर आठ. तू कशाला शहाणपणा करतोस? आणि तोटा कुणाचा झालाय? पूर्वी एका बंडलात वीस मीटर यायची, आता तेवढ्याच वजनात तीस येते. तुझे बाबा घेतात किलोने, विकतात मीटरने. विचार त्यांना, कधी तक्रार केली का?”

मुलाने मामाकडे पाहिलंच नाही. तो बाबांकडे बघत होता. ज्या माणसाच्या हाती खिळ्याचा डबा दिला तर न उघडता आतला खिळा कितीचा ते सांगेल, त्याला ही साखळी हातात हलकी लागली नसेल?

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“लांबी जास्त येते हे माहीत होतं,” बाबा म्हणाले. “जाडीचं मी विचारलं नाही.”

मामा रुमालाने मान पुसत राहिला. “दाजी, पोराच्या नादाला लागून तुम्ही आता...”

बाबांनी हात पुढे केला. मुलाला वाटलं, व्हर्नियर काढून घेणार. त्यांनी त्याच्यापुढचा फोन उचलला. गॅरेजवाल्याचा नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

“मी हार्डवेअरवाला बोलतोय. परवा साखळी नेलीस ती कुठे लावलीस?... तुळईला? पुली त्या साखळीवरच आहे?” ते उठून उभे राहिले. “आत्ता काही टांगलंय का तिला?”

पलीकडून गॅरेजवाला टांगलेल्या इंजिनाचं काहीतरी हसत सांगत होता.

“हसू नको. इंजिनखाली कोण आहे त्याला आधी बाहेर काढ. मग हळूहळू खाली घे... का ते नंतर सांगतो. नाही, मी फोन ठेवत नाही. तू घे खाली.”

मामा केव्हा निघून गेला ते दोघांनाही कळलं नाही. फोनमधून पुलीची करकर ऐकू येत होती, थांबून थांबून. मुलगा नकळत तो आवाज मोजू लागला आणि मध्येच त्याचा आकडा चुकला. बाबा डोळे मिटून उभे होते, फोन कानाला इतका दाबून की कानाची पाळी पांढरी पडली होती.