चार नंबरसाठी आमीन

नमाजच्या पहिल्याच रकातीत मास्तरणीला शंका आली, सजदा एक झाला की दोन? कपाळ चटईला टेकलं की डोळा लागत होता, तिथं काय लक्षात राहणार. शंका आली की कमी तेच धरायचं असतं. तिनं एकच धरला, पुन्हा कपाळ टेकवलं आणि गुडघ्यावर हात दाबून दुसऱ्या रकातीला उभी राहिली.

नमाजची जागा म्हणजे इस्पितळाच्या जिन्याखालची खोली. अर्ध्या भागात धुतलेल्या चादरींचे गठ्ठे, उरलेल्यात दोघी मावतील एवढी चटई. दुपारची जोहर होऊन गेली होती. तिसऱ्या प्रहरची असर पढली की सूर्य मावळेपर्यंत नफल, म्हणजे ऐच्छिक नमाज पढता येत नाही, म्हणून हातपाय-तोंड धुऊन ताजी वजू करून तिनं घाईघाईनं ही दोन रकातींची नियत बांधली होती. सलातुल हाजत, गरजेची नमाज. डॉक्टरांनीसुद्धा हात टेकले, की माणूस हिच्याकडे वळतो.

एरवी ती शाळेचे गणवेश शिवायची, म्हणून सगळी गल्ली तिला मास्तरीण म्हणे. मशीन आता धूळ खात पडलं होतं. लेक वरच्या वॉर्डात तोंडावर मास्क लावून पडला होता. साध्या ऑक्सिजननं भागत नव्हतं, अतिदक्षता विभागातल्या यंत्रावर घ्यायला हवं होतं, आणि तिथं खाट नव्हती. रिकामी झाली की पहिला नंबर तुमचा, असं डॉक्टर म्हणाले होते. वॉर्डातले मामा तसे भले गृहस्थ. त्यांनी तिला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, "चार नंबरची होईल बहुतेक. तयारीत राहा." ते ऐकून तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं होतं.

दुसऱ्या रकातीनंतर ती बसली. बैठकीतली अत्तहियात, उजवीकडे मान वळवून एक सलाम, मघाच्या शंकेपायी दोन जादा सजदे, पुन्हा अत्तहियात, दुरूद आणि मग दोन्हीकडे सलाम. डावीकडे मान फिरवली तेव्हा शेजारी एक तरुण मुलगी बसलेली दिसली. तिच्या ओढणीला औषधांचा वास येत होता.

"खाला, पुढची दुआ जरा मोठ्यानं म्हणाल? माझ्या दोन रकाती झाल्या. पण दुआ पाठ नाही. कधी लागलीच नाही आजवर."

"नशीबवान आहेस."

"होते," मुलगी म्हणाली.

दोघींनी हात उचलले. आधी अल्लाहची तारीफ, मग नबींवर दुरूद, मग मास्तरीण एकेक तुकडा म्हणू लागली आणि मुलगी मागून तो उचलू लागली. ला इलाह इल्लल्लाहुल हलीमुल करीम. सुब्हानल्लाहि रब्बिल अर्शिल अझीम. पुढचे तुकडे लांब होते. मुलगी अडखळली की मास्तरीण मागं येऊन तिला पुन्हा सोबत घेत होती. वला हाजतन हिय लक रिझन इल्ला कझैतहा.

"याचा अर्थ काय?"

"माझा एकही गुन्हा माफ केल्याशिवाय सोडू नकोस. एकही काळजी दूर केल्याशिवाय सोडू नकोस. आणि तुला पसंत असलेली एकही गरज पुरी केल्याशिवाय सोडू नकोस."

"तुला पसंत असलेली?"

"म्हणजे कुणाच्या वाईटावर असलेली नको," मास्तरीण शिकवण्याच्या सुरात बोलून गेली. "शेवटी 'या अर्हमर्राहिमीन', हे परमदयाळू, असं म्हण, आणि आता तुझी हाजत सांग. आपल्या भाषेत सांगितलीस तरी चालेल. मी आमीन म्हणते."

मुलीनं डोळे मिटले. "या अल्लाह, माझा माणूस चार नंबरला आहे. त्याला वाचव."

आमीन म्हणायला असा कितीसा वेळ लागतो? मास्तरणीला लागला. तिला स्वतःची लाज वाटली आणि लेकाच्या जिवाची भीती वाटली, दोन्ही एकदमच. मुलगी हात पसरून वाट बघत राहिली.

"आमीन," मास्तरीण म्हणाली. मनापासून म्हटलं का, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"आता तुमची सांगा, खाला. मी म्हणते आमीन."

"राहू दे."

"असं कसं? तुम्हीही काही मागायलाच आला असाल ना."

जिन्यावरून कुणीतरी धावत वर गेलं. दोघींनी कान दिला. पावलं वरच्या मजल्यावर विरून गेली. मास्तरणीच्या अंगात आता काही रचून बोलायचं त्राण नव्हतं.

"या अल्लाह," ती म्हणाली, "चार नंबरची खाट रिकामी कर."

मुलीचे हात खाली आले. मग ही कोण, कशासाठी आली आहे, सगळं तिच्या ध्यानात आलं.

"हात वर घे पोरी, माझं संपलं नाही अजून." मास्तरणीचा आवाज फाटला. "हिच्या माणसाला बरा कर. आपल्या पायांनी चालत घरी जाऊ दे त्याला. अशी रिकामी कर ती खाट. आणि मग तिथं माझ्या लेकाला घे."

मुलीनं ओढणीनं तोंड पुसलं. हात पुन्हा उचलले.

"आमीन," ती म्हणाली. मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, "पण खाला, तोवर तुमचा मुलगा दम धरेल?"