सरबताचा फेस
“बाबा, सरबताला फेस कधीपासून यायला लागला?” बरोबर आलेल्या मैत्रिणींनी डिवचलं म्हणून लेकीने भर स्नेहमेळाव्यात विचारलं आणि बाबांचे कॉलेजमित्र हसता हसता थांबले. पहिला ग्लास भरण्याआधीच चिठ्ठी निघाली होती: परतीचे ड्रायव्हर बाबा, त्यांनी थेंबही घ्यायचा नाही. त्यांच्यातल्या डॉक्टरकाकांनी बाबांचा ग्लास हुंगला. “बिअर आहे. किल्ली दे.” “दोनच ग्लास घेतलेत! तुमच्यापेक्षा शुद्धीत आहे,” बाबा किल्ली मुठीत आवळत गुरकावले. “कमी प्यायलेला नाही, अजिबात न प्यायलेला गाडी चालवतो. आण इकडे.” “माझी गाडी, माझी किल्ली! तू कोण लागून गेलास?” आई नेहमीसारखी लेकीच्या कानात कुजबुजली, “कॉफी देते त्यांना, उतरेल. मुकाट्याने बस गाडीत.” “कॉफीने झोप उडते, दारू नाही!” लेकीचा आवाज खणखणीत निघाला. “बाबा, किल्ली तुम्हालाच लखलाभ. मी टॅक्सी बोलावलीय. आई, येतेस?”