उडेन, उडेन

मुलांना काळ शिकवायला आईने एक गोष्ट लिहिली. त्यात कासव फक्त भूतकाळात बोलायचं, "मी पाला खाल्ला." खार वर्तमानकाळात, "मी शेंगा फोडते." आणि अळी भविष्यकाळात, "मी उडेन." शेवटच्या पानावर अळी ओरडली, "मी उडाले!"

व्याकरण शिकवणाऱ्या मावशीने नेमकं तिथेच लाल पेन चालवलं. "ताई, हा तर भूतकाळ! अळीनेच आपला काळ मध्येच सोडला, तर मुलं काय डोंबल शिकणार?"

लेकीने जेवणाचं ताट बाजूला सारलं. "मग तिला 'मी उडते' म्हणू दे."

"तो खारीचा काळ."

"म्हणजे ती जन्मभर नुसती उडेन, उडेन करत बसणार?"

"नियम म्हणजे नियम."

आईने डोक्याला हात लावला. लेकीने मात्र मावशीच्या हातातलं पेन काढून घेतलं, अळीचं वाक्य खोडलं आणि खाली एक नवीन ओळ लिहिली. मावशीने ती दोनदा वाचली, चूक काही सापडेना.



आभाळाकडे बघत कासव खारीला म्हणालं, "अगं, उडाली ती!"