बाळ्यासाठी चार ओळी

"नुसतं 'इंटरेस्ट'चं बटण दाबू नकोस," बाळ्या म्हणाला. "चार ओळी लिही. तुझ्या शब्दांत."

ताईने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. लग्न याचं, मुलगी यानेच शोधलेली, आणि शब्द मात्र हिचे. पस्तिशी ओलांडलेला हा लिफ्ट इंजिनियर दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचा, पण त्याचं स्वतःचं घोडं कधीचं अडलेलं होतं.

ते आपल्यामुळे अडलंय, अशी तिची खात्री होती. घटस्फोटानंतर ती भावाकडे राहायला आली आणि तेव्हापासून तो प्रत्येक स्थळाला नाक मुरडत आला. "आधी तुझं बघू," असं एकदा म्हणाला, तर तिने महिनाभर अबोला धरला. तो विषय तिथेच मिटला. पण बाळ्या बिनलग्नाचा राहिला तर खापर आपल्याच माथी, ही बोच काही जात नव्हती.

म्हणून ती लिहायला बसली. विवाहाच्या त्या संकेतस्थळावर फुकट खात्यातून फक्त ठरलेलं वाक्य जायचं. स्वतःचा मजकूर पाठवायला सभासदत्व लागायचं. बाळ्याने ते घेतलं होतं. 'प्रोफाइल कोण सांभाळतं' या रकान्यात त्याने 'बहीण' निवडलं होतं. समोरच्या प्रोफाइलवर 'भाऊ' होतं. ओळखपत्र तपासल्याची खूण होती, फोटोला मात्र कुलूप. होकार आला की उघडणार.

माहितीत त्या भावाने लिहिलं होतं: 'बहीण इमारतींचे नकाशे काढते. घरातल्या कुठल्याही भिंतीला ती तिरकी म्हणते आणि बहुधा खरं निघतं. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे आमचा वाद लांबतो.'

ताईला हसू आलं. मग तिने लिहिलं:

'नमस्कार. मी मुलाची मोठी बहीण. हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. तुमची तिरकी भिंत वाचून हसले, म्हणून ठरावीक वाक्याऐवजी हे लिहितेय. माझा भाऊ लिफ्टचं काम करतो. कमी बोलतो, पण दिलेला शब्द मोडत नाही. रागावला की भांडी घासतो. लग्नाचा विचार आम्ही गंभीरपणे करतोय, घाई मात्र नाही. तुमच्या बहिणीला लग्नानंतरही हेच काम करायचं आहे का? आणि मोकळा दिवस तिला कसा घालवायला आवडतो? प्रोफाइल तिने स्वतः बघून मगच उत्तर द्यावं, ही विनंती. फोन नंबर आत्ताच मागत नाही. जुळण्यासारखं वाटलं नाही तर 'नको' कळवा, आम्ही वाईट वाटून घेणार नाही.'

बाळ्याला वाचायला दिलं, तर त्याने शेवटच्या ओळीपर्यंतही न जाता "पाठव" म्हटलं.

होकार आला. फोटोचं कुलूप निघालं. बाळ्याने मान वाकडी करून पाहिलं, "बरी आहे" म्हणाला आणि पायमोजे शोधायला लागला. ताई चक्रावली. इतकी वर्षं खोट काढणाऱ्याला आता एकही खोट सापडू नये?

निरोपांची ये-जा सुरू झाली. बहीण काम सोडणार नाही, मोकळ्या दिवशी दुपारपर्यंत झोपते, असं गणिताच्या मास्तरांनी प्रामाणिकपणे कळवलं. पत्नी गेल्यावर बहिणीनेच त्यांना सावरलं होतं. आता ती त्यांना सोडून जायला तयार नाही, याची त्यांना काळजी होती. 'तिच्या पायातली बेडी मीच,' असं त्यांनी लिहिलं. ताईने ते दोनदा वाचलं, आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते स्वतःबद्दलही लिहून टाकलं.

बाळ्या यातलं काही विचारत नव्हता. एकदा मात्र भेटीचं ठरवताना सहज बोलून गेला, "तिला चहा बिनसाखरेचा लागतो."

"हे कुठून कळलं तुला?"

"लिहिलं असेल कुठेतरी."

ताईने सगळं प्रोफाइल उलटंपालटं केलं. साखरेचा कुठे उल्लेखही नव्हता. तिच्या मनात पाल चुकचुकली. हा परस्पर त्या मुलीची माहिती काढत होता का? सभ्य माणसांशी असं वागायचं? मास्तरांना सांगावं, तर ठरत आलेलं मोडणार; लपवावं, तर त्यांच्याशी खोटं वागणं आलं, आणि त्यांच्याशी तिला खोटं वागायचं नव्हतं. दोन पेशंटांच्या मध्ये ती सारखा फोन बघायची आणि हे सगळं बाळ्याच्या काळजीपोटी चाललंय, असं स्वतःला बजावायची.

चौघं एका चहाच्या दुकानात भेटली. मुलगी चुणचुणीत होती. मास्तर फोटोत नव्हते. टक्कल पडलेला, डोळ्यांनी हसणारा माणूस. पाच मिनिटांत मुलगी "चहा सांगून येते" म्हणत उठली, पाठोपाठ बाळ्याही. ते परतेचनात. ताई आणि मास्तर भिंती, गुडघेदुखी आणि नापास होणारी हुशार पोरं यांवर बोलत राहिले. मग ताई भानावर आली. ज्यांनी बोलायचं ते कुठे आहेत?

ती उठून गल्ल्याकडे गेली. दोघं खांबाआड एकाच कपातून चहा पीत उभी होती. बिनसाखरेचा, हे तिने न विचारताच ओळखलं. तिने बाळ्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"काय चाललंय तुझं? तिकडे ते बिचारे एकटे बसलेत. सरळ सांग, मुलगी पसंत आहे की नाही?"

"ती मला चार वर्षांपासून पसंत आहे, ताई," बाळ्या म्हणाला. "तुला मुलगा कसा वाटला?"