मध्येच बोलणारी सून

मुलाकडून मराठी शिकून फिनलंडहून पहिल्यांदा सांगलीला आलेली माझी सून आयनो जेवताना तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. आम्ही पाचही जण एकदम बोलत होतो. मला वाटलं, बाई शिष्ट दिसते.

मुलगा म्हणाला, "आई, तिच्याकडे समोरच्याचं संपलं की जरा थांबून मग बोलतात. मध्येच बोललं, तर ऐकलंच नाही असा अर्थ होतो."

"आणि आपल्याकडे कुणी मध्ये बोललं नाही, तर ऐकतंय कोण असं वाटतं!"

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मी तिला विचारलं, "घरची आठवण येते?" आणि ओठ घट्ट मिटून घेतले. भाकरी उलटली, फुगली, तव्यावरून उतरली. तेव्हा कुठे ती बोलायला लागली, ती तीन भाकऱ्या होईपर्यंत.

आता हे नाहीत, मुलं आपापल्या गावी. माझं प्रत्येक वाक्य पुरं होतं.

काल फोनवर तिला भाकरी सांगत होते, "पिठात कढत पाणी घाल आणि..."

"अहो आई, पण किती?" आयनो मध्येच म्हणाली.

मी डोळे पुसले आणि मुद्दाम एक लांबलचक वाक्य सुरू केलं.