रेवाच्या मानेवरची खूण

"म्हणजे रेवाच्या मानेवरची ती तारणहाराची खूण जन्मजात नव्हतीच? बंडखोरांनीच गोंदली?" शाल्मलीनं आईच्या कादंबरीमालेच्या तिसऱ्या भागाची प्रुफं पलंगावर आपटली.

तिची आई वृंदा समजुतीनं म्हणाली, "अगं, मोठ्यांनी पोटासाठी राजवटीशी कधीच जुळवून घेतलेलं असतं. ज्या पोरीनं अजून कशापुढे मान तुकवलेली नाही, तिच्याच मागे लोक उठतात. म्हणून नायिका सोळाची. वाचकही त्याच वयाचे, आपल्यालाही कुणीतरी निवडावं, असं त्यांना वाटत असतं. तोच भ्रम मी इथं मोडलाय. रेवा खास नव्हतीच. बंडखोरांना पोस्टरवर शोभणारा चेहरा हवा होता, एवढंच."

"आणि तिला कुणी विचारलं?"

वृंदानं तिन्ही भाग मनातल्या मनात चाळले. राजवटीनं विचारलं नव्हतं, बंडखोरांनीही नाही. लिहिताना तिलाही ते सुचलं नव्हतं.

शाल्मली क्लासला जायला तिथल्या 'स्टार बॅच'चा निळा टी-शर्ट अंगात चढवू लागली. चौकातल्या फलकावर तिचा फोटो होता, खाली 'भावी डॉक्टर'. बॅचसाठी निवड झाली तेव्हा वृंदानं अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते.

"पुढच्या भागात तरी विचार तिला," दप्तर उचलत शाल्मली म्हणाली.